टॉवेलवरचे डाग नीट बघा: बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश, जेल आणि टक्क्यांचा घोळ

प्रश्न: वय २२. चेहऱ्यावर आणि पाठीवर पिंपल्स. सकाळी १० टक्केवाला बेंझॉइल पेरॉक्साइड वॉश आणि रात्री ५ टक्केवालं जेल, दोन्ही चेहऱ्याला, ५ आठवडे झाले. गाल कोरडे पडून आग होते, पाठ आहे तशीच. मरून टॉवेलवर आणि निळ्या अभ्र्यावर केशरी डाग पडलेत, आईच्या टॉवेलवर पण. वॉश तर धुवून टाकतो मग डाग कसे? जेल बंद करून नुसता वॉश चालेल का, आणि किती टक्क्यांचा?

उत्तर:

मी १८ वर्षं त्वचारोगांची प्रॅक्टिस करते आणि असा पेशंट माझ्याकडे दर आठवड्याला एक तरी येतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. (पुढे नुसतं बेंझॉइल म्हणते, पूर्ण नाव दरवेळी टाइप करणं जीवावर येतं.)

आधी थोडक्यात सांगते. चेहऱ्याला वॉश आणि जेल दोन्ही नकोत, एकच ठेवा, आणि तुमच्या केसमध्ये मी जेल ठेवीन पण कमी टक्क्यांचं. तो १० टक्क्यांचा वॉश चेहऱ्यावरून उचलून पाठीवर न्या, त्याची खरी जागा ती आहे. आणि डाग बहुतेक वॉशचे नाहीतच, किंवा फक्त वॉशचे नाहीत. आता हे असं का ते बघू.

लोक डब्यावरचा आकडा बघून औषध घेतात, म्हणजे १० हे ५ च्या दुप्पट आणि २.५ च्या चौपट काम करणार असं धरून चालतात. पण बेंझॉइलचं गणित आकड्यापेक्षा जास्त वेळेवर चालतं. ते त्वचेच्या छिद्रात शिरतं, तिथल्या तेलात मिसळतं आणि तिथे फुटून ऑक्सिजनचे अतिशय चंचल कण सोडतं. पिंपल्समधल्या जंतूंना हे कण सहन होत नाहीत कारण ते जंतू कमी ऑक्सिजनमध्ये वाढणारे असतात. अँटिबायोटिकसारखं एका ठराविक जागी बोट ठेवून मारायचं काम हे करत नाही, सगळीकडून जाळतं, म्हणून इतकी वर्षं वापरूनही जंतूंना याची सवय झालेली नाही. जोडीला छिद्राच्या तोंडाशी साचलेला मृत पेशींचा थर पण थोडा सैल करतं. पण हे सगळं व्हायला औषध आत पोचलं पाहिजे आणि तिथे काही वेळ राहिलं पाहिजे. बेंझॉइल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, टॉवेलच्या भानगडीत ती परत येणार आहे.

आता जेलचं बघा. १९८६ साली मिल्स, क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २.५, ५ आणि १० टक्के अशी तीन जेलं समोरासमोर लावून बघितली. लाल, सुजलेले पिंपल्स कमी करण्यात २.५ टक्के हे ५ आणि १० च्या बरोबरीने उतरलं, पण १० टक्क्यांवर कोरडेपणा, लाली आणि जळजळ जास्त होती. माझ्या प्रॅक्टिसमध्ये पण मला हेच दिसतं. म्हणजे छिद्रात जेवढं मावतं तेवढं २.५ टक्क्यांतही जातं, वरचं जास्तीचं औषध त्वचेच्या पृष्ठभागावर बसून फक्त चुरचुरतं, आणि रात्री उशीला लागतं. म्हणून चेहऱ्यासाठी माझी सुरुवात २.५ पासूनच असते. आठ आठवड्यांनी त्वचा मजेत आहे पण पिंपल्स हट्टी आहेत असं दिसलं तर ५ वर जाते, आणि चेहऱ्यावर ठेवून द्यायचं १० टक्क्यांचं जेल मी जवळजवळ कुणाला लिहून देत नाही.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करते. दोन कंपन्यांची ५ टक्क्यांची जेलं अंगाला सारखी लागत नाहीत, कारण जेल कशात बनवलंय त्यानेही फरक पडतो. अल्कोहोल असलेलं जेल झटकन वाळतं, हलकं वाटतं, खूप तेलकट त्वचेला आवडतं, पण कोरड्या त्वचेला ते सोलून काढतं. पाण्यावर आधारलेलं जेल किंवा क्रीम सौम्य असतं. त्यामुळे कुणी म्हणालं की मला ५ ने काही झालं नाही आणि मित्राला २.५ ने आग झाली, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. ट्यूबच्या मागे घटकांच्या यादीत अल्कोहोल पहिल्या दोन-तीन नावांत आहे का तेवढं बघून घ्या. आणि सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेला आग होण्याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण जिथे जळजळ होते तिथे नंतर काळपट डाग उठतो आणि तो पिंपलपेक्षा जास्त महिने राहतो. जास्त टक्क्यांच्या मागे लागून पिंपल गेला पण गालभर काळे ठिपके राहिले असे पेशंट मी खूप बघितलेत, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं.

आता वॉश. वॉशवर ४, ५, १० असे आकडे असतात आणि ते जेलच्या आकड्यांशी लावून बघायचे नाहीत. जेल ६-८ तास अंगावर असतं, वॉश मिनिटभरही नसतो. मी पेशंटला क्लिनिकमध्येच विचारते की तुम्ही तोंड कसं धुता ते हाताने हवेत करून दाखवा, आणि मी घड्याळ बघते. बहुतेकांचं १५ ते २० सेकंदांत आवरतं. एवढ्या वेळात बेंझॉइल छिद्राच्या दारातून परत फिरतं, फेसाबरोबर नाल्यात जातं. म्हणून वॉशचा आकडा मोठा ठेवलेला असतो, म्हणजे थोडक्या वेळात थोडं तरी आत जावं. पाठीवर तुमचा काही उपयोग झाला नाही म्हणताय, पण तुमच्याच लिहिण्यात वॉश चेहऱ्याला लावता असं आहे, म्हणजे पाठीला आंघोळीत चेहऱ्यावरून ओघळलेला फेस लागत असेल तेवढाच, तो धरू नका.

वॉश नीट वापरायचा तर असं करा. अंग आधी ओलं करून पाणी बंद करायचं. साधारण दोन बोटांच्या पेरांवर मावेल एवढा वॉश घेऊन पाठीवर पसरायचा, हात पोचत नसेल तर लांब दांड्याचा मऊ स्पंज घ्या पण घासायचं नाही, फक्त फिरवायचं. मग ३ ते ५ मिनिटं तसंच थांबायचं. ही ५ मिनिटं उभं राहून खूप लांबतात, म्हणून मी सांगते की वॉश लावून झाला की दात घासा, केसांना शाम्पू लावा, आणि शाम्पू धुताना मान पुढे वाकवून धुवा, नाहीतर पाठीवरचं औषध शाम्पूच्या पाण्याने आधीच निघून जाईल. मग अंग भरपूर पाण्याने धुवायचं, नुसतं एक तांब्या ओतून नाही, हाताने चोळून, विशेषतः मानेचा मागचा भाग, कंबरेची रेघ आणि काखेजवळची बाजू.

वॉश कुणाला चांगला? पाठ, छाती, खांदे, म्हणजे जिथे जेल लावायला जागा खूप मोठी आहे आणि लावल्यावर वरून कपडा घालायचाच आहे. ज्यांची चेहऱ्याची त्वचा इतकी नाजूक आहे की २.५ टक्क्यांचं जेलसुद्धा रात्रभर सहन होत नाही त्यांना ४-५ टक्क्यांचा क्रीमसारखा वॉश २ मिनिटं ठेवून चालतो. आणि ज्यांना रात्री दुसरं एखादं क्रीम लावायचंय त्यांना सकाळी वॉश सोयीचा पडतो. पण मध्यम पिंपल्स असलेल्या चेहऱ्यावर नुसत्या वॉशवर अवलंबून राहिलात तर काम कमी होतं, म्हणून तुमच्या "नुसता वॉश चालेल का" याला माझं उत्तर चेहऱ्यापुरतं नाही असं आहे.

आता डागांकडे येते, आणि यासाठी एक केस सांगते कारण त्यातून मी स्वतः बरंच शिकले.

१९ वर्षांची एक मुलगी, तिलाही तुमच्यासारखंच वॉश आणि ५ टक्क्यांचं जेल दोन्ही चालू होतं. तिची तक्रार होती की कपाळाच्या कडेला खूप खाज येते. बरोबर पिशवीत उशीचा अभ्रा, टॉवेल आणि पांघरूण घेऊन आली होती कारण घरात यावरून भांडण झालं होतं, कुणीतरी ब्लीच सांडवलंय असं सगळे म्हणत होते. मी ते तिन्ही टेबलावर पसरले. गडद निळ्या अभ्र्यावर मध्याच्या डावीकडे दोन मोठे अंडाकृती फिके केशरी डाग, कडा धूसर. पांघरुणाच्या वरच्या काठावर चार छोटे ठिपके, एका ओळीत, आणि काठाच्या दुसऱ्या बाजूला एकच ठिपका. टॉवेलवर मात्र गोल डाग नव्हते, एका टोकाला आडवा, तुटक पट्टा होता, बाकीचा टॉवेल स्वच्छ.

अभ्र्यावरचे डाग गालाच्या आकाराचे होते, म्हणजे ती डाव्या कुशीवर झोपते आणि जेल गालावरून उशीवर जातंय. पांघरुणावरचे चार आणि एक म्हणजे चार बोटं आणि अंगठा, ती जेल लावून हात न धुता पांघरूण ओढून घेत होती. टॉवेलवरचा पट्टा कशाचा ते कळेना, तर मी तिला म्हटलं टॉवेल घेऊन तोंड पूस. तिने दोन्ही हातांनी टोक धरून पहिल्यांदा कपाळ केसांच्या रेषेजवळ टिपलं. तो पट्टा केसांच्या रेषेचा होता. वॉश तिथे धुतलाच जात नव्हता, केस ओले होऊ नयेत म्हणून ती पाणी भुवयांच्या वर नेत नव्हती. आणि खाज कुठे होती? तिथेच. कानशिलाजवळचे बारीक केस पण तांबूस झाले होते, तिला वाटत होतं उन्हाने झालेत.

म्हणजे टॉवेलवरचे डाग हा नुसता टॉवेलचा प्रॉब्लेम नसतो. औषध जिथे जायला नको तिथे जातंय, किंवा जिथून निघायला हवं तिथून निघत नाहीये, याचा तो नकाशाच असतो. तिला मी वॉश चेहऱ्यापुरता बंद केला, जेल २.५ टक्क्यांवर आणलं, आणि किती घेतेस ते दाखव म्हटलं तर तिने जवळजवळ बोटाच्या दोन पेरांएवढी रेघ काढली, ती वाटाण्याच्या दाण्याएवढ्यावर आणली. खाज १० दिवसांत गेली. नवव्या आठवड्यात परत आली तेव्हा नवीन लाल पिंपल्स आठवड्याला एक-दोन यायचे, आधी सात-आठ यायचे. नवीन अभ्रा पांढरा होता.

आता वॉश धुतल्यावरही डाग कसा पडतो ते सांगते. बेंझॉइल पाण्यात विरघळत नाही म्हटलं ना, ते बारीक कणांच्या रूपात असतं. साबणाचा फेस पाण्याने लगेच जातो आणि त्वचा स्वच्छ वाटते, पण कण केसांच्या रेषेत, भुवयांत, दाढीत, कानामागे, हनुवटीखाली, नखांत अडकून राहतात. ओला चेहरा टॉवेलने पुसला की ते कण ओल्या धाग्यांत जातात. पण त्याहून जास्त वेळा घडतं ते वेगळंच. रात्री लावलेलं जेल सकाळपर्यंत सगळं मुरलेलं नसतं, त्याचा न दिसणारा पापुद्रा चेहऱ्यावर असतो, सकाळी तोंड ओलं केलं की तो सुटतो आणि टॉवेलवर येतो. लोक दोष सकाळच्या वॉशला देतात पण माल रात्रीच्या जेलचा असतो. तुम्हाला शहानिशा करायची असेल तर एक आठवडा वॉश चेहऱ्याला लावू नका, फक्त जेल लावा, आणि सकाळी एखाद्या जुन्या गडद फडक्याने तोंड पुसा, ते फडकं दुसरीकडे कुठेही वापरू नका. आठवड्याने त्यावर डाग दिसले तर उत्तर मिळालं.

बेंझॉइल कापडावर काहीतरी सांडल्यासारखा डाग पाडत नाही, ते कापडाचा रंगच खातं. रंगाच्या रेणूतला जो भाग आपल्याला निळा किंवा मरून दिसतो तो ऑक्सिजनने तुटतो, म्हणजे डाग धुऊन जायचा प्रश्नच नाही, तिथला रंग शिल्लकच नसतो. गडद रंग बरेचदा दोन-तीन रंगांच्या मिश्रणाचे असतात, त्यातला एखादा आधी तुटतो आणि उरलेला दिसायला लागतो, म्हणून निळ्याचं, काळ्याचं केशरी किंवा गुलाबीसर होतं. आणि हे लगेच होत नाही. कण धाग्यात कोरडे बसून राहतात, मग घाम, ओल, अंगाची ऊब मिळाली की काम सुरू. त्यामुळे डाग दोन-चार दिवसांनी, कधी कपडे धुतल्यावर उमटतो आणि तोपर्यंत कुणाच्या लक्षातही नसतं की इथे काय लागलं होतं. आईच्या टॉवेलचं कोडं इथेच सुटतं, एकतर तुम्ही हात त्या टॉवेलला पुसलेत किंवा तुमचा टॉवेल आणि त्यांचा टॉवेल ओले एकत्र बादलीत किंवा मशीनमध्ये पडून राहिले.

जाता जाता, पेशंट नेहमी घाबरून विचारतात की कापडाचा रंग जातो तर माझ्या कातडीचा पण जाईल का. नाही जात. केसांचा मात्र जातो, भुवया, दाढी, कानशिलाची लव सांभाळा.

उपाय म्हणाल तर पांढरा सुती टॉवेल आणि पांढरा सुती अभ्रा, एवढंच आणि हेच. पांढऱ्यात जाण्यासारखा रंगच नसतो. "फिका रंग चालेल" असं नाही, फिक्या निळ्यावर पांढरे ठिपके पडतात. काही टॉवेल असे डाग पडणार नाहीत म्हणून विकले जातात, त्यांचे रंग ऑक्सिजनला जास्त दाद देत नाहीत आणि त्यातले काही खरंच टिकतात, पण विकत घेतल्यावर स्वतः तपासा. आतल्या शिवणीजवळ कोपरा जरा ओला करा, तांदळाच्या दाण्याएवढं जेल चोळा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी धुवा, आणि निकाल दोन दिवसांनी बघा, त्याच दिवशी नाही. जेल वाळलं की धोका संपला असं मानू नका. १५ मिनिटं थांबून झोपलात तर उशीला कमी लागतं हे खरं, पण झोपेत घाम आणि तेल सुटलं की वाळलेला पापुद्रा परत ओला होतो. पाठीला वॉश वापरत असाल तर आंघोळीनंतर पुसायला वेगळा पांढरा टॉवेल, आणि पाठीवर कधी जेल लावावं लागलंच तर आतून जुना पांढरा गंजी. हात जेल लावल्यावर लगेच साबणाने दोनदा धुवायचे, नखांसकट, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. आणि बेंझॉइलचे टॉवेल-अभ्रे बाकीच्या रंगीत कपड्यांत भिजत घालायचे नाहीत, वेगळे धुवायचे.

तुमच्यासाठी मी काय करीन ते आता क्रमाने लिहिते. पहिले ५ दिवस चेहऱ्याला बेंझॉइल अजिबात नाही, सौम्य फेसवॉश आणि साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. आग थांबली पाहिजे, तोंड धुतल्यावर साधं पाणीसुद्धा चुरचुरत असेल तर अजून थांबा. मग २.५ टक्क्यांचं जेल एक रात्र सोडून एक, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, तोंड पुसून कोरडं झाल्यावर १० मिनिटांनी. पिंपलवर ठिपके द्यायचे नाहीत, जिथे येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं, कारण जो पिंपल उद्या येणार आहे तो आज दिसत नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीची घडी, ओठांचे कोपरे सोडायचे. वर मॉइश्चरायझर लावलं तर औषध कमी होत नाही, बिनधास्त लावा. दोन आठवडे नीट गेले तर रोज रात्री.

२.५ चं मिळत नसेल तर तुमचं ५ चंच वापरा पण रात्रभर ठेवू नका. संध्याकाळी लावायचं, ३० मिनिटांनी धुवायचं, आठवड्याने तास-दीड तास, मग सहन झालं तर रात्रभर. असं केलं तर अभ्रा पण वाचतो, म्हणून काही जणांना मी कायमचं असंच चालू ठेवायला सांगते. १० टक्क्यांचा वॉश पाठीला, वर सांगितलं तसा, आधी एक दिवसाआड आणि मग रोज.

उपयोग होतोय का ते आरशात बघून ठरवू नका, रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. रविवारी एका गालावर त्या आठवड्यात नवीन आलेले लाल पिंपल्स मोजा आणि लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यापर्यंत आकडा तेवढाच राहिला तर घाबरायचं नाही, आठव्याला तो खाली यायला हवा, बाराव्याला नीट कळतं. काळपट डाग या मोजणीत धरू नका, ते वेगळ्या गतीने जातात. मोठ्या दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडत चाललेत किंवा १२ आठवड्यांनी आकडा हलला नाही, तर बेंझॉइलचे टक्के वाढवण्यात वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, गोळ्यांची गरज असू शकते. पाठीवर सगळे एकसारखे, बारीक, खाजणारे दाणे असतील तरी दाखवा, ते बुरशीचे असू शकतात आणि तिथे हे औषध कमी पडतं.

आग आणि अ‍ॅलर्जी यातला फरक ओळखता आला पाहिजे. कोरडेपणा, थोडे पापुद्रे, लावल्यावर १०-१५ मिनिटं चुणचुण, हे सुरुवातीला होतं आणि औषध कमी वेळा लावलं की बसतं. पण जोरदार खाज, पापण्या किंवा चेहरा सुजणं, पाणी भरलेले बारीक फोड, आणि जिथे लावलं नाही तिथेही पसरणं, ही अ‍ॅलर्जी आहे. मग वॉश असो की जेल, २.५ असो की १०, बेंझॉइल कायमचं बंद. घसा आवळल्यासारखा झाला, श्वासाला त्रास झाला, चक्कर आली तर तडक हॉस्पिटल. असं क्वचितच होतं, पण म्हणूनच नवीन पेशंटला मी पहिले ३ दिवस जबड्याखाली छोट्या जागी लावून बघायला सांगते.

दुसरं काही चालू असेल तर तेही सांगायला हवं होतं, तुम्ही लिहिलं नाहीत. साधं ट्रेटिनॉइन क्रीम आणि बेंझॉइल एकाच वेळी लावलं तर बेंझॉइल त्याला निकामी करतं, म्हणून एक सकाळी आणि एक रात्री. अ‍ॅडापालीनला ते काही करत नाही, दोन्ही एकत्र असलेलं जेलच मिळतं. डॅप्सोन जेलबरोबर लावलं तर त्वचेवर तात्पुरता पिवळा-केशरी रंग येतो, तो डाग बघून लोक हादरतात पण तो जातो.

आणि ट्यूब कुठे ठेवता ते बघा. बेंझॉइल उष्णतेने फुटतं आणि त्यातून बेंझीन हे कॅन्सरला कारण ठरू शकणारं रसायन तयार होऊ शकतं. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने ९५ उत्पादनं तपासल्याचं जाहीर केलं, ९० टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेंझीन सापडलं नाही किंवा अगदीच कमी होतं, मोजकी परत मागवली गेली. त्यामुळे औषध सोडायची गरज नाही, पण उन्हात तापलेल्या गाडीत, गिझरशेजारी, खिडकीत ट्यूब ठेवायची नाही आणि तारीख उलटली की टाकून द्यायची.

राहिला तुमचा मरून टॉवेल आणि निळा अभ्रा. गेलेला रंग धुऊन, लिंबू लावून, डाग काढायचं पावडर टाकून परत येणार नाही, त्यावर मेहनत करू नका. पण फेकूही नका, एकदा वेगळे, कोमट पाण्यात साबणाने नीट धुवून घ्या म्हणजे उरलेले कण निघतील, आणि मग तोच टॉवेल बेंझॉइलचा म्हणून ठेवा, आहे तो अजून खराब होऊन काय होणार. आईला मात्र नवीन टॉवेल आणा आणि तो तुमच्या बेसिनपासून लांब टांगा.